दुपारी भात जेवलं की डोळे मिटतात, ते नेमकं कशामुळे?

भातखाऊ

चिपळूणला एका कचेरीत हिशेब बघतो. वय ४३, साखर-बिखर नाही, पोट जरा सुटलंय. डबा घरचा. भात, माशाचं कालवण नाहीतर आमटी, एखादी भाजी, वरून चमचाभर तूप. सव्वाला डबा उघडतो, पावणेदोनपर्यंत हात धुऊन जागेवर. आणि अडीचच्या सुमाराला मान अशी पडते की सही करताना पेन कागदावरून घसरत खाली जातं. परवा एका रकमेत शून्य जास्त पडलं. नशीब, शेजारच्या बाईंच्या लक्षात आलं.

आता मतं ऐका. साहेब म्हणतात, भात बंद कर, पोळी खा. आई म्हणते, पोटात अन्न गेलं की सगळं रक्त पोटाकडे धावतं आणि डोकं रिकामं पडतं. मित्र म्हणतो, साखर आधी चढते मग धाडकन पडते, म्हणून झोप. तिघांत खरं कोण? आणि भातातच असं काय आहे?

भात सोडायचे सल्ले देऊ नका. कोकणात राहतो.

टवाळ

पुण्यात याला आजार म्हणत नाहीत, दुकानाची वेळ म्हणतात. १ ते ४.

गरमागरम

आईंचं बरोबर आहे. पचनाला भरपूर रक्त लागतं, ते मेंदूकडून येतं. म्हणूनच जेवून लगेच पोहू नये म्हणतात.

दुसरं कारण ट्रिप्टोफॅन. भाताने इन्सुलिन वाढतं, त्यामुळे ट्रिप्टोफॅन मेंदूत शिरतं, त्याचं सेरोटोनिन होतं, सेरोटोनिनचं मेलाटोनिन होतं, की आली झोप. सरळ रसायनशास्त्र आहे. विषय संपला.

झाडीपट्टी

आमच्या भंडाऱ्याकडे रोवणीच्या दिवसांत बाया-माणसं दुपारी बांधावर बसून जेवढा भात खातात तेवढा तुमच्या कचेरीतले चौघं मिळून खाणार नाहीत. जेवले की परत चिखलात. कोणी झोपत नाही. दोष भाताचा नाही, खुर्चीचा आहे.

शरीरमास्तर

बावीस वर्षं वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रिया शिकवली. दुपारी दोनचा तास नेहमी माझ्याच वाट्याला यायचा, त्यामुळे मिटणारे डोळे भरपूर पाहिलेत.

आधी रक्ताचं. जेवणानंतर आतड्यांकडे जाणारं रक्त वाढतं, हे खरं. एरवी मिनिटाला लिटर-सव्वा लिटर जात असेल, तर भरपेट जेवणानंतर ते दुपटीच्या आसपास जाऊ शकतं. पण ते मेंदूच्या वाट्यातून काढलेलं नसतं. हृदय थोडं जास्त रक्त ढकलतं, हातापायांकडच्या नळ्या थोड्या आवळतात, आणि हिशेब जुळतो. मेंदूला मिनिटाला पाऊण लिटरच्या आसपास रक्त लागतं आणि ते तेवढंच राहावं म्हणून मेंदूतल्या रक्तवाहिन्या स्वतःची रुंदी बदलत असतात. पळताना पायांच्या स्नायूंकडे जाणारं रक्त जेवणापेक्षा कितीतरी जास्त वाढतं. तेव्हा कुणी पेंगत नाही.

‘पचनाने शरीर थकतं’ असंही ऐकू येतं, तेही तपासून घ्या. तुमचं ८०० कॅलरीचं जेवण धरलं तर ते पचवायला आणि साठवायला त्यातल्या ६०-८० कॅलरी खर्ची पडतील, त्याही चार-पाच तासांत मिळून. म्हणजे पंधरा-वीस मिनिटं चालण्याएवढं काम. त्याने कुणी दमत नाही.

आता मला सांगा, भात किती असतो? ‘एक डबा’ नको, वजन सांगा. शिजलेल्या भाताचं.

भातखाऊ

मास्तर, आज सकाळी किराण्याच्या काट्यावर ठेवला. ४५० ग्रॅम भरला. मलाच धक्का बसला. तांदूळ इंद्रायणी, मऊ शिजवलेला.

शरीरमास्तर

छान. आता हा भात आत गेल्यावर काय होतं ते बघू.

शिजलेल्या १०० ग्रॅम भातात साधारण २८ ग्रॅम पिष्ट असतं, बाकी बहुतेक पाणी. म्हणजे तुमच्या डब्यात सव्वाशे ग्रॅम पिष्ट. आतड्यात त्याचं शेवटी ग्लुकोजच होणार. आता दुसरी बाजू बघा. तुमच्या अंगात पाच लिटर रक्त आहे, त्यात एका वेळी विरघळलेली सगळी साखर साडेचार ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एक चहाचा चमचा. त्या एका चमच्याच्या तळ्यात तुम्ही पंचवीसहून जास्त चमचे ओतणार आहात, आणि तळ्याची पातळी मात्र दुपटीच्या वर जाऊ द्यायची नाही. शरीरापुढचं खरं काम हे आहे.

ते दोन-तीन ठिकाणी सांभाळलं जातं. पहिलं ठिकाण जठराचं तोंड. आपल्याला वाटतं जेवलं की पचायला लागलं, पण जठर खालच्या आतड्यात माल थोडा थोडा सोडतं, मिनिटाला दोन-तीन कॅलरीच्या हिशेबाने. ८०० कॅलरीचं जेवण पुरतं उतरायला चार-पाच तास जातात. अडीचला तुम्ही पेंगता तेव्हा बराचसा भात अजून वरच असतो. तूप, कालवणातला नारळ आतड्यात पोचले की आतडं निरोप पाठवतं, ‘सावकाश’. तो निरोप नेणाऱ्यांत एक आहे कोलेसिस्टोकायनिन. तो रक्तातून जातो आणि पोटातून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस नावाच्या लांबलचक नसेलाही जागं करतो. पोट भरल्याचं समाधान, आता हालचाल नको असं वाटणं, यात त्याचा हात आहे. नुसता कोरडा भात आणि तुपा-नारळाचं भरपेट जेवण यांतला फरक इथे पडतो.

दुसरं ठिकाण यकृत. आतड्यातून निघालेलं रक्त आधी यकृतातून गाळून जातं आणि यकृत साखरेचा एक वाटा तिथेच अडवून ठेवतं. त्याच्या कोठारात शंभरेक ग्रॅम मावते. पुढे निघालेल्या साखरेला इन्सुलिन स्नायूंमध्ये शिरवतं. स्नायूंचं कोठार चौपट मोठं, पण दिवसभर बसून राहणाऱ्याचं ते आधीच बऱ्यापैकी भरलेलं असतं.

इंद्रायणीचं म्हणाल तर ती चिकट होते ती तिच्या पिष्टाच्या घडणीमुळे. फांद्या फुटलेलं पिष्ट जास्त, सरळ धाग्याचं कमी. फांद्यांच्या टोकांना पाचक रस पटकन भिडतात. वरून तो मऊ शिजवलेला, म्हणजे दाणा फुटलेला. कोलम सुटसुटीत, जरा सावकाश. आणि तुमच्याकडचा उकडा तांदूळ त्याहून सावकाश, कारण सालासकट उकडून वाळवताना पिष्ट पुन्हा घट्ट बसतं.

पेजवाली

उकड्या तांदळाची पेज सकाळी दहाला घेतो आम्ही, मालवणात. जन्म गेला, पेजेने कधी झोप आली नाही.

काटेकोर

काकू, सकाळी दहाला कुणालाच झोप येत नाही. हाच तर मुद्दा आहे! दुपारी दोनला पेज घेऊन बघा.

मास्तरांना एक प्रश्न. साखर कशी सांभाळली जाते ते कळलं, पण झोप त्यातून कशी निघते? मधला दुवा राहिला. आणि ‘साखर धाडकन पडते’ याचं काय?

शरीरमास्तर

साखर पडण्याचा सिद्धांत वेळेवर अडतो. निरोगी माणसाची साखर जेवायला बसल्यापासून पाऊण-एक तासाने सर्वांत वर असते. ज्यांची खरोखर खाली घसरते त्यांची दोन ते चार तासांनी घसरते, आणि त्यांना पेंग कमी येते, उलट घाम, थरथर, छातीत धडधड आणि भूक. भातखाऊंची मान पडते अडीचला, म्हणजे सव्वा तासाने. त्या वेळी साखर वरच असायला हवी. पण अंदाजाने कशाला बोलायचं? घरात ग्लुकोमीटर आहे का?

भातखाऊ

आईचा आहे. पट्ट्या महाग आहेत, पण आठवडाभराच्या आणतो. कसं मोजू सांगा.

शरीरमास्तर

वेळ पहिल्या घासापासून धरा, शेवटच्या नाही. बोट साबणाने धुऊन पूर्ण कोरडं करा. जेवलेल्या हाताला फळाचा रस, गोड काही लागलेलं असलं तर आकडा खोटाच मोठा येतो. आणि प्रत्येक वेळी झोपेला ० ते १० गुण द्या, पण मीटरचा आकडा बघायच्या आधी. नाहीतर मोठा आकडा बघून झोप यायला लागते.

अबोली

थोडं वेगळं विचारते. माझे सासरे ७८ वर्षांचे. जेवले की त्यांनाही असंच होतं. पानावरून उठले की डोळ्यांपुढे अंधारी, एकदा मोरीपाशी बसलेच खाली. आम्ही म्हणतो वय झालं, जेवण जड झालं. रक्तदाबाची गोळी दुपारी जेवणाबरोबर असते. त्यांचा भात कमी करू का?

गरमागरम

बघा! रक्त पोटाकडे जातं म्हणत होतो तेच हे.

शरीरमास्तर

अबोलीताई, ही झोप नाही. कृपा करून याला पेंग समजून सोडू नका. आणि गरमागरम, इथे तुमचं म्हणणं बरंचसं लागू होतं, हे मान्य. तरुणपणी आतड्यांकडे रक्त वाढलं की हृदय आणि नळ्या लगेच भरपाई करतात. वय झालं, जुना मधुमेह असला, पार्किन्सन असला की ती भरपाई तोकडी पडते आणि जेवणानंतर रक्तदाब उतरतो.

घरचं यंत्र असेल तर जेवायच्या आधी बसून मोजा, मग अर्ध्या, एक, दीड आणि दोन तासांनी. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर तो कागद डॉक्टरांकडे न्या आणि गोळी जेवणाबरोबरच हवी का ते विचारा. मनाने गोळी हलवू नका. तोवर एका भरपेट जेवणाची दोन लहान जेवणं करा, पानावरून उठताना हाताला धरा, जेवल्यावर तासभर एकटं मोरीकडे जाऊ देऊ नका. भाताच्या मोठ्या जेवणाने हा उतार जास्त येतो, म्हणून भात कमी करण्याचा तुमचा विचार चुकीचा नाही.

अबोली

आज मोजलं. जेवणाआधी १४६, एका तासाने ११८. उद्या सकाळची वेळ घेतली आहे.

झाडीपट्टी

माझ्या मुद्द्यावर कोणी बोलतच नाही. रोवणीवाल्यांना झोप का नाही?

काटेकोर

येते की. आमचं शेत आहे मावळात. भातलावणीला माणसं जेवली की झाडाखाली अर्धा तास आडवी होतात. तुम्ही बांधावरून लवकर निघत असाल.

शरीरमास्तर

दोघांचंही थोडं थोडं खरं. रोवणी करणाऱ्याच्या स्नायूंचं कोठार सकाळच्या कामाने रिकामं झालेलं असतं. शिवाय काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता साखर ओढतो, त्यामुळे तोच भात त्यांच्या रक्तात तेवढी उंची गाठत नाही. वर उजेड आहे, पायाखाली गार चिखल आहे, शेजारी गप्पा चालू आहेत. यात झोपायचं म्हटलं तरी जमणार नाही. पण सावलीत पाठ टेकली की त्यांनाही झोप लागते, कारण दुपारची झोप फक्त पोटातून येत नाही.

झोपेच्या बाजूला दोन गोष्टी चालू असतात. सकाळी उठल्यापासून झोपेचं देणं हळूहळू साचत जातं. आणि शरीराचं घड्याळ दिवसा जागं ठेवायला जोर लावत असतं. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान घड्याळाचा हा जोर त्या देण्यापुढे थोडा कमी पडतो, मग संध्याकाळी पुन्हा चढतो. जेवण न देता, किंवा दर तासाला थोडं थोडं खायला देऊन माणसं तपासली तरी हा खड्डा दिसतो. जेवण तो खोल करतं. म्हणजे खड्डा आधीच आहे, भात तुम्हाला त्यात ढकलतो.

काटेकोर

ढकलतो कसा? अजून दुवा नाही आला.

शरीरमास्तर

येतोय. एक वाट व्हेगसची आणि कोलेसिस्टोकायनिनची, ती सांगून झाली. दुसरी वाट मेंदूतली. १९९८ साली मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, ऑरेक्सिन नावाचं द्रव्य सोडणाऱ्या पेशी सापडल्या. या पेशी आपल्याला जागं ठेवतात. त्या बंद पडलेल्या माणसाला बोलता बोलता झोप लागते. पुढे २००६ मध्ये उंदरांच्या मेंदूवर दिसलं की भोवतालचं ग्लुकोज वाढलं की या पेशी गप्प होतात, तेही जेवणानंतर वाढेल तेवढ्याशा वाढीने. नंतर असंही दिसलं की प्रथिनांतली अमिनो आम्लं त्यांना उलट चेतवतात. उपाशी प्राण्याने जागं राहून अन्न शोधावं आणि पोट भरल्यावर गप्प पडावं, असा तो बेत दिसतो. हे सगळं उंदरांमधलं. जेवलेल्या माणसाच्या मेंदूत या पेशी उघडून कुणी पाहू शकत नाही, म्हणून मी याला बळकट उमेदवार म्हणतो, त्याच्यापुढे जात नाही.

आता ट्रिप्टोफॅन. गरमागरम, तुमची साखळी पहिल्या कड्यापर्यंत पक्की आहे. इन्सुलिन काही अमिनो आम्लं स्नायूंत ढकलतं, ती वाटेतून बाजूला झाली की ट्रिप्टोफॅनला मेंदूच्या दारात गर्दी कमी लागते. हे उंदरांवर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवलं गेलं. पण ते जवळजवळ निव्वळ पिष्टाच्या खाण्यावर. जेवणात थोडीशी प्रथिनं आली की ती दारातली गर्दी परत येते. भातखाऊंच्या डब्यात मासे आहेत, आमटी आहे. शिवाय त्यातून मेलाटोनिन होऊन भर दुपारी झोप लागते म्हणणं फारच ताणलेलं. मेलाटोनिन बनतं ते अंधार पडल्यावर.

गरमागरम

ऑस्ट्रेलियात प्रयोग झालाय, माणसांवर. जास्मिन तांदूळ खाल्लेले लवकर झोपले. मग?

शरीरमास्तर

झालाय, सिडनीत, २००७ मध्ये छापून आला. बारा निरोगी पुरुष. रात्री झोपायच्या चार तास आधी जास्मिन भात खाल्ला तेव्हा सरासरी ९ मिनिटांत झोपले, सावकाश पचणारा भात खाल्ला तेव्हा साडेसतरा मिनिटांत. पण तीन गोष्टी बघा. दोन्ही बाजूंना भातच होता, त्यामुळे ‘भात’ गुन्हेगार ठरत नाही, साखर किती झपाट्याने चढते ते महत्त्वाचं ठरतं. दुसरं, ती रात्रीची झोप होती. आणि तिसरं, तोच जास्मिन भात झोपायच्या एकच तास आधी दिला तेव्हा परिणाम कमी झाला. भातखाऊंची दुपारची मान तर तासा-सव्वा तासातच पडते. त्यांनीही कारण म्हणून ट्रिप्टोफॅनकडेच बोट दाखवलं, पण प्रयोगात मोजली होती ती झोप.

भातखाऊ

आठवडा झाला. बोटांची चाळण झालीय. सांगतो.

सोमवारी नेहमीचा डबा, ४५० ग्रॅम. जेवणाआधी साखर ९१. अर्ध्या तासाने १३४, तासाने १५८, दीड तासाने १३७, दोन तासांनी ११६, तीन तासांनी ८९. झोपेचे गुण अडीचला ८, सव्वाचारला २. म्हणजे मित्र चुकला. मी पेंगत होतो तेव्हा साखर दीडशेच्या जवळपास होती, आणि ८९ वर आली तेव्हा मी टक्क जागा.

मंगळवारी साहेबांचं ऐकून पोळ्या. बायकोने हिशेब केला की तेवढंच पिष्ट हवं असेल तर सात फुलके लागतील. सहावा कसाबसा संपवला. झोप ७. साहेबही चुकले.

बुधवारी काहीच खाल्लं नाही, नुसतं पाणी. मला वाटलं एकदम ताजातवाना राहीन. पावणेतीनला ५ गुणांची झोप! उपाशीपोटी! मास्तरांचा खड्डा तो हाच.

गुरुवारी आधी मासा आणि काकडीची कोशिंबीर, मग शेवटी २०० ग्रॅम भात. साखर सर्वांत वर १२६. झोप ६, पण सही सरळ आली.

शुक्रवारी जरा गंमत झाली. गुरुवारी रात्री वीज गेली होती, दहालाच झोपलो, सकाळी साडेसहाला उठलो. शुक्रवारी मुद्दाम पूर्ण ४५० ग्रॅम भात खाल्ला. साखर सोमवारसारखीच, १५४. झोप फक्त ५.

काटेकोर

उत्तम काम. पण मीटर १०-१५ टक्के इकडेतिकडे दाखवतो, त्यामुळे १५८ आणि १५४ यांत फरक धरू नये, तो तुम्ही धरलेला नाही हे बरं. दुसरं, काय खाल्लंय ते तुम्हाला माहीत होतं, त्यामुळे गुणांवर मनाचा परिणाम आहेच. ६ आणि ७ यांत मी काही वाचणार नाही. ८ आणि ५ यांत मात्र वाचेन.

एक मजेदार गोष्ट मात्र कळली. पोळी आपण मोजून खातो, तिसरी घेताना विचार करतो. भाताचा ढीग मोजत नाही. सात फुलक्यांएवढा भात रोज खाताय आणि मनात ‘थोडा भात’ म्हणताय. मऊ भाताला चावावंही लागत नाही, पोट भरल्याचा निरोप यायच्या आत डबा रिकामा.

शरीरमास्तर

मला शुक्रवार सर्वांत बोलका वाटतो. एरवी रात्री किती झोपता?

भातखाऊ

साडेअकराला आडवा, साडेपाचला पाण्यासाठी उठावं लागतं. मधे मोबाईल. साडेपाच तास असेल. बायको वाचतेय हे, ती म्हणते घोरण्याचंही लिही. घोरतो. मधेच श्वास अडकल्यासारखा होतो म्हणते.

शरीरमास्तर

मग धाग्याचं नावच बदला. घोरणं, मधे श्वास थांबणं, पोट सुटलेलं, आणि दिवसा पेंग, हे एकत्र आलं तर झोपेत श्वास अडतो का याची तपासणी करून घ्यायला हवी. कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांकडे जा. एका रात्रीची तपासणी असते, हल्ली घरीही होते. एक साधी खूण बघा. सकाळी अकराला, उपाशीपोटी, कंटाळवाण्या बैठकीत किंवा एस्टीत खिडकीशी बसल्यावर डोळे मिटतात का? फक्त जेवल्यावरच मिटत असतील तर जेवणाचा भाग मोठा. कधीही मिटत असतील तर जेवणावर आळ घेऊ नका.

भातखाऊ

एस्टीत सावर्डे यायच्या आत झोपतो. सकाळी आठच्या गाडीत.

टवाळ

सावर्डे म्हणजे स्टँडवरून निघून थोडाच वेळ. मास्तर, घ्या लिहून.

गरमागरम

माघार घेत नाही, पण ट्रिप्टोफॅनवर आणखी वाचेन. एक व्यवहाराचं सांगा. जेवल्यावर वीस मिनिटं झोपावं की चहा घ्यावा? आमच्याकडे वामकुक्षीवर वाद आहे. आजोबा म्हणायचे दिवसा झोपणं आयुर्वेदात निषिद्ध.

शरीरमास्तर

आयुर्वेदाने दिवसाच्या झोपेला नको म्हटलंय हे खरं, पण उन्हाळ्यात मुभा आहे, आणि म्हातारे, मुलं, आजारी, थकलेले यांनाही. वामकुक्षी म्हणजे डाव्या कुशीवर पडणं. ते जठराच्या आकाराला धरून आहे, त्या कुशीवर आंबट वर यायचं प्रमाण कमी राहतं. झोपलात तर पंधरा-वीस मिनिटांत उठा. पाऊण तास झाला की गाढ झोपेतून उठावं लागतं आणि मग अर्धा तास डोकं जड राहतं, तो दोषही लोक भातावर टाकतात. चहाने झोप मागे ढकलली जाते, फिटत नाही. चारनंतरचा चहा रात्रीच्या झोपेतून वसूल होतो. त्यापेक्षा हात धुतल्यावर दहा मिनिटं बाजारपेठेतून चालून या. साखरेची चढण त्याने कमी होते, कोठार कुठे आहे ते तुम्हाला आता माहीत आहे.

पेजवाली

शिळ्या भाताचं कोणी बोललं नाही. फोडणीचा भात खाल्ला की झोप कमी येते असं माझं मत.

काटेकोर

काकू, यात तथ्य असू शकतं. भात थंड झाला की त्यातलं थोडं पिष्ट पुन्हा घट्ट होतं आणि गरम केलं तरी सगळं परत सैल होत नाही, त्यामुळे साखर जरा कमी चढते. फरक लहान असतो. पण रात्रभर ओट्यावर ठेवलेला भात नको. तांदळात जे जीवाणूंचे बीज असतात ते शिजवून मरत नाहीत, कोमट भातात वाढतात, आणि त्यांचं विष फोडणी देऊनही जात नाही. तासाभरात पसरून थंड करा आणि फ्रिजमध्ये.

पेजवाली

फ्रिज आत्ता आले हो. आमचा भात शिंक्यावर असायचा.

अबोली

सासऱ्यांची गोळी डॉक्टरांनी रात्री दिली आहे, आणि जेवण दोनदा विभागून. तीन दिवसांत अंधारी आली नाही. भात अजून तेवढाच मागतात, अर्धा चार वाजता देते.

झाडीपट्टी

म्हणजे दोष भाताचा नाही हे माझं पहिल्या दिवशीचं वाक्य बरोबर निघालं.

शरीरमास्तर

अर्धं. ४५० ग्रॅमचा दोष आहेच. आठ आणि सहा यांत सरळ सही येण्याएवढं अंतर असतं.

भातखाऊ

घोरण्याच्या तपासणीची तारीख पुढच्या गुरुवारची मिळाली. तोवर डब्यात २०० ग्रॅम उकडा, आणि मासा आधी. फक्त उद्या नाही, उद्या घरी सरंगा आहे. पट्ट्या सात उरल्यात, रविवारी तोच भात सोलकढीबरोबर आणि सोलकढीशिवाय मोजणार आहे.

टवाळ

सोलकढीशिवायचा दिवस कोण भोगणार ते आधी ठरवा.